पहिली सॅलरी स्लिप: पीएफ, पीटी आणि टीडीएसच्या तीन ओळी कशा वाचायच्या

ऑफर लेटरवर 3.9 लाख लिहिलेले असतात, त्याला 12 ने भागलं की साडेबत्तीस हजार येतात आणि अकाउंटला जमा होतात 28 हजार. मग वरचे साडेचार हजार गेले कुठे, हा प्रश्न पहिल्या नोकरीत प्रत्येकाला पडतो, आणि ऑफिसातल्या सीनियरला विचारलं तर "अरे टॅक्स कापतात" एवढंच उत्तर मिळतं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, कारण एवढ्या पगाराला इन्कम टॅक्स लागतच नाही. कापले जाणारे पैसे तीन वेगळ्या ठिकाणी जातात. एक भाग तुमच्याच नावावर साठतो, एक राज्य सरकारकडे जातो आणि एक केंद्राकडे, म्हणजे जायचा असेल तर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्लिपवर छापलेलं म्हणजे "कापले" एवढंच, "भरले" की नाही ते दुसरीकडे बघावं लागतं. तर एकच स्लिप घेऊ आणि ओळीओळीने जाऊ. आकडे सगळे आर्थिक वर्ष 2025-26 चे आणि महाराष्ट्रातल्या नोकरीचे आहेत.

समजा एक मुलगा पुण्यात एका कंपनीत लागला. त्याची पूर्ण महिन्याची स्लिप अशी:

बेसिक 15,000
एचआरए 6,000
स्पेशल अलाउन्स 9,000
ग्रॉस 30,000

पीएफ 1,800
प्रोफेशनल टॅक्स 200
टीडीएस 0
हातात 28,000

आता ऑफर लेटरमधले साडेबत्तीस हजार आणि ग्रॉसमधले 30 हजार यातला फरक आधी मिटवून टाकू, कारण तो कापलेल्या पैशांचा नाहीच. कंपनी तुमच्या पीएफमध्ये स्वतःचे 1,800 घालते ते सीटीसीमध्ये धरलेले असतात आणि ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे इथे साधारण 722 रुपये, तेही धरलेले असतात. 30,000 अधिक 1,800 अधिक 722, झाले 32,522, वर्षाचे 3.9 लाख. ग्रॅच्युइटीची रक्कम दर महिन्याला कुठे तुमच्या नावावर जमा होत नसते, तो नंतरचा हिशोब आहे, त्यामुळे पगार मोजताना ती विसरून जा.

पहिली ओळ: पीएफ

पीएफ बेसिक अधिक महागाई भत्ता यांच्यावर 12 टक्के. प्रायव्हेटमध्ये महागाई भत्ता सहसा नसतोच, म्हणून बेसिकवर. 15,000 चे 12 टक्के 1,800. हे तुमचे. कंपनी तेवढेच 1,800 तिच्या बाजूने घालते, पण ते सगळे तुमच्या पीएफला जात नाहीत, आणि पासबुक पहिल्यांदा बघणारे इथेच गोंधळतात. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन स्कीमला जातात, म्हणजे 1,250 रुपये, आणि उरलेले 550 पीएफला. म्हणून पासबुकात तीन आकडे दिसतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा 1,800, कंपनीचा हिस्सा 550, पेन्शन 1,250. कंपनीने कमी भरले असं समजून एचआरशी भांडायला जाऊ नका, 550 आणि 1,250 मिळून 1,800 च होतात. व्याज मात्र पहिल्या दोनवरच मिळतं (2024-25 साठी 8.25 टक्के होतं), पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, त्याचा हिशोब नोकरीच्या वर्षांवर आणि पगारावर होतो.

आता 15,000 हा आकडा मी मुद्दाम घेतलाय. सप्टेंबर 2014 पासून पीएफची पगारमर्यादा 15,000 आहे. बेसिक त्याच्या आत असेल तर वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत पीएफ कापावाच लागतो. बेसिक त्याच्या वर असेल आणि ही तुमची पहिलीच नोकरी असेल तर कंपनीकडे मोकळीक असते. समजा बेसिक 20,000 आहे, तर कोणी पूर्ण 20,000 वर 2,400 कापतं, कोणी मर्यादेवर थांबून 1,800 कापतं, आणि कोणी पीएफला घेतच नाही. तिन्ही चालतं. त्यामुळे दुसऱ्या कंपनीतल्या मित्राच्या स्लिपशी आपली ओळ जुळवून बघण्यात अर्थ नाही, आपल्या ऑफर लेटरशी जुळवा.

पण याच 15,000 च्या वरच्या लोकांसाठी एक बारीक गोष्ट आहे जी पुढे फार त्रास देते. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफला येणारा माणूस, ज्याचा पीएफचा पगार जॉइन होतानाच 15,000 च्या वर आहे, तो पेन्शन स्कीमला पात्र नसतो. त्याच्या बाबतीत कंपनीचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जायला पाहिजे आणि पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसायला पाहिजे. पेरोलवाले सवयीने सगळ्यांचे 1,250 पेन्शनला टाकतात, वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही आणि नोकरी सोडताना पैसे काढायला किंवा ट्रान्सफरला अर्ज केला की तिथे अडकतं, मग जुन्या कंपनीच्या मागे लागून दुरुस्ती करत बसायचं. पहिल्या दोन महिन्यांत बघितलं तर एका मेलमध्ये काम होतं. आपल्या उदाहरणातल्या मुलाचं बेसिक बरोबर 15,000 आहे, वर नाही, म्हणून त्याचं पेन्शन कापणं बरोबर आहे.

उलट्या बाजूची गडबड पण असते. ग्रॉस 30,000 आणि बेसिक 8,000 च, बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये, म्हणजे पीएफ फक्त 960. हातात जास्त येतात म्हणून पोरं खूश असतात, पण यात कंपनीचा हिस्साही तेवढाच कमी झालेला असतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत बेसिक, महागाई भत्ता वगैरे मिळून जे वेतन धरायचं ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या खाली ठेवता येत नाही, त्यामुळे अशा स्लिपा आता बदलतायत. तुमच्या स्लिपवर अचानक बेसिक वाढलेलं आणि अलाउन्स घटलेला दिसला तर कारण बहुधा हेच.

पहिल्या महिन्याची स्लिप अर्धवट असते तेव्हा काय होतं ते पण बघू. आपला मुलगा 16 जून 2025 ला जॉइन झाला. जून 30 दिवसांचा, त्याचे 15 दिवस भरले, तर बेसिक आलं 7,500 आणि पीएफ कापला 900. म्हणजे पीएफ त्या महिन्यात खरंच मिळालेल्या बेसिकवर चालतो, बिनपगारी रजा पडली तरी त्या प्रमाणात कमी होतो. पासबुकात जूनसमोर 900, 275 आणि 625 दिसणार.

अजून एक, काही कंपन्या स्लिपवर कपातीत पीएफच्या दोन ओळी छापतात, एक कर्मचाऱ्याची आणि एक कंपनीची, मिळून 3,600. घाबरायच्या आधी डावीकडे कमाईच्या बाजूला बघा. तिथे कंपनीच्या पीएफचे 1,800 जमा दाखवलेले असतील आणि मग उजवीकडे वजा केलेले असतील तर तो फक्त छापायचा प्रकार आहे, हातात येणारे पैसे तेच. पण डावीकडे जमा न धरता 30,000 मधूनच 3,600 वजा केलेत, तर कंपनी स्वतःचा हिस्सा तुमच्या पगारातून वसूल करतेय, आणि ते करता येत नाही. लेखी विचारा.

पीएफ खरंच भरला का, हे कसं बघायचं

स्लिपवर किंवा एचआरकडे तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर असतो, 12 आकड्यांचा. तो एकदाच मिळतो, नोकरी बदलली तरी तोच राहतो. तो अॅक्टिव्हेट करायचा, आधार जोडायचं, आणि मग passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग अॅपमध्ये पासबुक उघडतं. मोबाइल नंबर जोडलेला असेल तर त्याच नंबरवरून 7738299899 ला हा मेसेज टाकला की शेवटचा भरणा आणि शिल्लक मराठीत येते:

```
EPFOHO UAN MAR
```

यात UAN हा शब्द तसाच ठेवायचा, तिथे आपला नंबर टाकायचा नाही.

कंपनीने एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो आणि एन्ट्री दिसायला त्यानंतर थोडे दिवस जातात. म्हणजे जुलैची स्लिप 31 जुलैला हातात आली आणि 5 ऑगस्टला पासबुक बघितलं तर तिथे काहीच नसणार, आणि ते बरोबर आहे. ऑगस्ट संपला तरी जुलैची ओळ नाही आली तर मात्र विचारा. विचारताना "पीएफ का नाही आला" असं मोघम विचारू नका, "जुलैच्या चलनाची तारीख आणि टीआरआरएन नंबर द्या" असं विचारा, कारण भरलेला असेल तर हे त्यांच्याकडे दोन मिनिटांत सापडतं आणि नसेल तर टाळाटाळ लगेच कळते. पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार epfigms.gov.in वर घरबसल्या करता येते, तिथे सॅलरी स्लिपच पुरावा म्हणून जोडायची असते. म्हणून दर महिन्याची स्लिप पीडीएफ करून स्वतःच्या मेलवर ठेवा, कंपनीच्या पोर्टलवर विसंबू नका, नोकरी सोडली की त्याच दिवशी लॉगिन बंद होतं.

दुसरी ओळ: प्रोफेशनल टॅक्स

हा राज्याचा कर, याचं गणित सोपं आहे. महाराष्ट्रात हा 1975 च्या कायद्याने लागतो. पुरुषांना महिन्याचा पगार 7,500 पर्यंत काही नाही, 7,501 ते 10,000 असेल तर 175, आणि 10,000 च्या वर 200. महिलांना एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत काही नाही आणि त्याच्या वर 200. वरच्या स्लॅबमधल्या सगळ्यांना फेब्रुवारीत 200 ऐवजी 300. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, झाले 2,500, आणि राज्यघटनेनेच याची वर्षाची कमाल मर्यादा 2,500 ठेवलीय, तिथपर्यंत पोचायला ते शंभर वाढवतात. दर मार्चला ग्रुपवर "या महिन्यात शंभर कमी का आले" विचारणारा एक तरी असतोच, त्याला हे सांगा.

पीएफसारखा हा दिवसांच्या प्रमाणात कमी होत नाही. त्या महिन्यात ग्रॉस किती आलं, ते कुठल्या स्लॅबमध्ये बसतं, बस. आपल्या मुलाला जूनमध्ये अर्धाच पगार आला, 15,000, तरी तो 10,000 च्या वरच आहे म्हणून पूर्ण 200 गेले. हातात 15,000 वजा 900 वजा 200, म्हणजे 13,900. तीच स्लिप एखाद्या मुलीची असती तर जूनमध्ये 15,000 ला काही नाही, आणि जुलैपासून 30,000 झाले की 200 सुरू.

इथे चूक बहुतेक मुलींच्याच स्लिपवर होते. ग्रॉस 24,000 आणि तरी दर महिन्याला 200 जातायत असं दिसलं तर पेरोलमध्ये लिंगाचा रकाना चुकलाय किंवा जुनी मर्यादा तशीच राहिलीय, पहिल्या महिन्यातच सांगा. एखाद्या महिन्यात इन्सेंटिव्ह मिळून ग्रॉस 26,000 झालं आणि त्याच महिन्यात 200 कापले तर ते बरोबर आहे.

या ओळीचं पासबुक नसतं. कंपनी सगळ्यांचा एकत्र भरते आणि तुमच्या नावाने कुठे वेगळी नोंद बघता येत नाही, त्यामुळे इथे तपासणी म्हणजे फक्त स्लॅब लावून बघणं. रिटर्न भरून हे पैसे परत मिळत नाहीत. गुरुग्राम किंवा दिल्लीत नोकरी करणाऱ्या मित्राच्या स्लिपवर ही ओळच दिसणार नाही, कारण तिथे हा करच नाही.

जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर 25 रुपयांची अजून एक कपात दिसेल, ती कामगार कल्याण निधीची, वरच्या जूनच्या हिशोबात ती धरलेली नाही, तिच्यात डोकं घालायची गरज नाही.

तिसरी ओळ: टीडीएस

ही इन्कम टॅक्सची ओळ, आणि ती महिन्याच्या पगारावर चालत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. कंपनी अंदाज बांधते की या माणसाला 1 एप्रिल ते 31 मार्च एकूण किती मिळणार, त्यावर वर्षाचा कर काढते, आतापर्यंत कापलेला वजा करते आणि उरलेला राहिलेल्या महिन्यांत वाटते. दर महिन्याला हे गणित पुन्हा होतं, म्हणून आकडा हलता असतो.

आपल्या मुलाचं बघा. जूनचे 15,000 आणि जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे 2,70,000, एकूण 2,85,000. पगारदाराला नवीन रिजीममध्ये, म्हणजे कर मोजायच्या नव्या पद्धतीत, 75,000 ची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, राहिले 2,10,000. नवीन रिजीममध्ये 4 लाखांपर्यंत कर नाही. टीडीएस शून्य, विषय संपला.

बहुतेक फ्रेशर्सचा इथेच संपतो, कारण नवीन रिजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर रिबेटमध्ये माफ होतो, म्हणजे 75,000 धरून पगार 12.75 लाखांपर्यंत असेल तर नुसत्या पगारावर कर शून्य. महिन्याला एक लाख मिळाले तरी शून्य. 1,10,000 मिळाले तर? वर्षाचे 13.2 लाख, वजा 75,000, राहिले 12.45 लाख. स्लॅबने कर येतो 66,750, पण 12 लाखांच्या वर तुम्ही फक्त 45,000 गेलात म्हणून कर 45,000 पेक्षा जास्त घेता येत नाही, त्यावर 4 टक्के सेस धरून 46,800, म्हणजे महिन्याला 3,900. या पट्ट्यातले असाल तर स्लिपवरचा आकडा याच्याशी ताडून बघा, पेरोलवाले ही सवलत कधीकधी विसरतात.

मग पगार 50,000 आणि तरी टीडीएस कापलाय, असं का होतं? ओल्ड रिजीम. जॉइन होताना एक फॉर्म येतो, त्यात रिजीम निवडायची असते आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की एलआयसी दाखवता येते, जुनीच घे. काहीच निवडलं नाही तर नवीन लागते. हिशोब करू: एप्रिलपासून महिना 50,000, पीएफ कापला जात नाही असं धरू, वर्षाचे 6 लाख. जुन्या रिजीममध्ये 50,000 स्टँडर्ड डिडक्शन आणि 2,500 प्रोफेशनल टॅक्स वजा (पीटीचा फायदा फक्त जुन्यातच मिळतो), राहिले 5,47,500. त्यावर सेस धरून कर 22,880. नवीन रिजीममध्ये याच पगारावर शून्य. आता त्याने फॉर्ममध्ये भाडं आणि गुंतवणूक लिहिली म्हणून कंपनीने डिसेंबरपर्यंत काहीच कापलं नाही, जानेवारीत पावत्या मागितल्या, त्याने दिल्याच नाहीत, तर सगळे 22,880 जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमधून जाणार, महिन्याला साधारण 7,627. वर्षाच्या शेवटी पगार अचानक पडतो तो असा.

हे पैसे बुडत नाहीत. कंपनीला काहीही सांगितलेलं असलं तरी पगारदाराला रिटर्न भरताना रिजीम बदलता येते, 31 जुलैच्या आत नवीनमध्ये भरलं की कापलेला कर रिफंड येतो. पण त्यासाठी तो तुमच्या पॅनवर जमा झालेला पाहिजे, आणि ते incometax.gov.in वर लॉगिन करून फॉर्म 26एएसमध्ये दिसतं. ही नोंद महिन्याच्या महिन्याला येत नाही, कंपनी तीन महिन्यांचं विवरण एकदम भरते. एप्रिल ते जूनचं 31 जुलैपर्यंत, पुढचं 31 ऑक्टोबर, मग 31 जानेवारी, आणि शेवटच्या तिमाहीचं 31 मे. म्हणून मार्चमध्ये कापलेला कर एप्रिलमध्ये शोधू नका. जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म 16 मिळतो, त्यातली वर्षाची बेरीज, बारा स्लिपांमधल्या टीडीएसची बेरीज आणि 26एएसमधला आकडा, तिन्ही एक यायला पाहिजेत. 26एएसमध्ये कमी असेल तर पॅन चुकीचा टाकलाय का ते आधी विचारा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

आणि एक प्रकार असा की स्लिपवर पीएफ नाही, पीटी नाही, फक्त सरसकट 10 टक्के टीडीएस कापलाय, पगार 30,000 असो की 60,000. हे दिसलं तर समजायचं की कंपनीने तुम्हाला कर्मचारी म्हणून घेतलेलंच नाही, कन्सल्टंट म्हणून दाखवलंय. मग फॉर्म 16 ऐवजी 16ए मिळतो, 75,000 ची डिडक्शन मिळत नाही आणि पीएफचा तर प्रश्नच येत नाही. कापलेले 10 टक्के रिटर्न भरून परत मिळू शकतात, पण अपॉइंटमेंट लेटर काढून त्यात "एम्प्लॉयी" लिहिलंय की "रिटेनर" ते त्याच दिवशी वाचा.